शेवट राहू द्या, आधी त्याच्या हातातला कागद वाचा

"मी नोकरी करतो आणि सवड मिळेल तशी कथा लिहितो. नुकत्याच लिहिलेल्या कथेत एक बुजरा कनिष्ठ लिपिक आहे. कार्यालयाच्या वार्षिक कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देणारे अधिकारी ऐनवेळी येत नाहीत आणि अर्धा तास आधी ते काम याच्या गळ्यात पडतं. त्याला घाम फुटतो, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतली फजिती आठवते, पण माईकसमोर गेल्यावर तो मनापासून बोलतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. तो नेमकं काय बोलला ते मी दिलेलं नाही. चार जणांना कथा वाचायला दिली. सगळे 'छान आहे' म्हणाले, पण आठवड्याने कुणालाच त्यातलं काही आठवत नव्हतं. एक मित्र म्हणतो, शेवट उलटा कर, त्याची फजितीच होऊ दे. हा प्रसंग थोडाफार माझ्यावरच गुदरलेला आहे, त्यामुळे शेवट बदलायला जीव होत नाही. काय करू?"
– एक वाचक

प्रिय मित्रा,

शेवट बदलू नका. निदान आत्ता तरी नको. टाळ्या काय आणि फजिती काय, दोन्हींत तुमच्या माणसाचं पुढे काय होणार हे समोर बसलेले लोकच ठरवतात. तो पास झाला की नापास, एवढंच कळतं. आणि घाबरलेल्या माणसाला माईककडे पाठवलं की या दोनांपैकी एक होणार, हे वाचकाला पहिल्या परिच्छेदातच कळून चुकतं. तुमचे मित्र कथा विसरले, कारण त्यांना त्यात काही नवीन कळायचं राहिलंच नव्हतं. शिवाय कार्यक्रमातल्या टाळ्यांचं काय सांगावं! प्रास्ताविक संपलं की टाळ्या, पुष्पगुच्छ दिला की टाळ्या, माईक सुरू झाला तरी टाळ्या. त्या तुम्हाला खरोखर मिळाल्या असतील, याबद्दल मला शंका नाही. पण कथेत त्यांनी काही सिद्ध होत नाही.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य म्हणजे "तो नेमकं काय बोलला ते मी दिलेलं नाही." सगळी कथा ज्या दोन मिनिटांकडे चालली आहे, ती दोन मिनिटंच तुम्ही गाळलीत. "मनापासून बोलला" म्हणजे काय बोलला? पाहुण्यांच्या परिचयात मनापासून बोलण्यासारखं असतं तरी काय? तिथे दुसऱ्या माणसाची माहिती सांगायची असते, तीही बहुधा तिसऱ्याच माणसाने लिहून दिलेली.

तेव्हा त्या कागदापासून सुरुवात करू. असल्या प्रसंगी लिपिकाच्या हाती काय येतं? टाइप केलेला परिचय. बहुतेक वेळा तीन पानांचा: जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं, समित्या, पुरस्कार, परदेश दौरे, पुन्हा समित्या. मोठ्याने वाचताना माणूस मिनिटाला साधारण 100 ते 125 शब्द वाचतो, म्हणजे या तीन पानांना सहा-सात मिनिटं लागणार. परिचयाला हवीत दोन मिनिटं, म्हणजे फार तर एक पान. घाबरलेला माणूस एरवीपेक्षा भरभर वाचतो, त्यामुळे तीन पानं चारच मिनिटांत संपतील आणि कुणाला काही कळणार नाही, हा आणखी एक घोळ. काही झालं तरी दोन पानं जायलाच हवीत. ती कोण काढणार? तुमचाच लिपिक. काय ठेवायचं आणि काय खोडायचं हे त्याने ठरवलं, की कथेत पहिल्यांदाच त्याच्या हातून काहीतरी घडेल. आतापर्यंत सगळं त्याच्यावर येऊन आदळत होतं.

इथे तुम्ही गृहीत धरलेली एक गोष्ट मला तपासून पाहावीशी वाटते. त्याची भीती ही लोकांसमोर बोलण्याची भीती आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तशी भीती कुणालाही वाटते, नववधूला, डॉक्टरला, मंत्र्यालासुद्धा. मग तो लिपिक असण्याचा कथेला उपयोग काय? लिपिकाची खास भीती वेगळी असते. वरिष्ठांनी मंजूर केलेल्या मजकुरातला एक शब्द आपल्या हातून बदलला गेला तर, ही ती भीती. सभागृहात पाचशे माणसं बसली आहेत याचं त्याला तितकं काही वाटणार नाही. पण समासात साहेबांची सही असलेल्या कागदावर पेन चालवायचं म्हटलं की त्याचा हात थरथरेल.

अंतोन चेखॉव्हची 1883 सालची एक छोटीशी कथा आहे, संगीतिका बघताना शिंकणाऱ्या कारकुनाची. शिंक उडते पुढे बसलेल्या बड्या अधिकाऱ्याच्या टकलावर. अधिकारी दुसऱ्याच खात्याचा आहे आणि "काही हरकत नाही" असं तो तिथल्या तिथे म्हणूनही टाकतो. तरी हा पुन्हा पुन्हा माफी मागत राहतो आणि शेवटी त्या माफ्यांनीच अधिकारी खरोखर भडकतो. त्या कथेत भीतीचं वर्णन फारसं नाही, भीती माणसाला काय काय करायला लावते ते मात्र पानोपान आहे. तुमच्या मसुद्यात नेमकं उलटं झालंय. घाम आहे, धडधड आहे, शाळेतली आठवण आहे, आणि माणूस मात्र जागच्या जागी उभा आहे. वक्तृत्व स्पर्धेचा परिच्छेद तर बिनधास्त काढा. तो भीतीचं कारण सांगतो आणि कारण सांगून झालं की वाचक निर्धास्त होतो.

आता हीच कथा जरा वेगळ्या अंगाने मांडून पाहू. तुमचा लिपिक कोणत्या टेबलावर बसतो हे तुम्ही ठरवलेलं दिसत नाही. मी त्याला आवक-जावक टेबलावर बसवतो. कार्यालयात येणारं प्रत्येक पत्र आधी त्याच्या हाती पडतं. तो शिक्का मारतो, क्रमांक टाकतो, नोंदवहीत चढवतो आणि टपालाच्या फोल्डरमधून वर पाठवतो. म्हणजे कार्यालयात पदाने सगळ्यात खालचा असला तरी प्रत्येक गोष्ट त्याला सगळ्यांच्या आधी कळते.

त्याच्या हाती आलेला परिचय दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा कार्यक्रमातला आहे. कुणीतरी जुन्या फाइलमधून काढला, साहेबांनी सही केली. त्यात पाहुणे "सहसंचालक" आहेत. पण पाहुण्यांचं होकाराचं पत्र आपल्या लिपिकाच्या हातून गेलेलं आहे. ते साध्या कोऱ्या कागदावर होतं, वर कार्यालयाचं नाव नव्हतं, पत्ता घरचा होता आणि सहीखाली पद लिहिलेलं नव्हतं. पाहुणे निवृत्त झाले आहेत, हे सगळ्या इमारतीत एकट्या त्याला ठाऊक आहे. आणि साहेबांनी त्यांना बोलावलं ते सहसंचालक म्हणून. एक प्रस्ताव त्यांच्याकडे अडकलाय, स्टेजवर दोन शब्द गोड बोलले की तो सुटेल, या आशेने.

बघा, लगेच अर्ध्या तासाला किंमत आली. परिचय जसाच्या तसा वाचला तर पाहुण्यांना भर सभेत चूक दुरुस्त करावी लागेल, किंवा ते गप्प बसतील आणि खोटं तसंच उभं राहील. खरं सांगितलं तर साहेबांना स्टेजवर बसल्याबसल्या कळेल की आपण चुकीच्या माणसाला बोलावलं. साहेबांना आधी गाठून सांगावं म्हटलं तर ते फाटकाशी पाहुण्यांच्या गाडीची वाट बघत उभे आहेत. आणि आवक-जावक टेबलाचं ऐकून घ्यायची त्यांना सवयही नाही.

हे काम त्याच्याकडे आलं कसं, तेही नीट दाखवा. अधिकारी आले नाहीत, एवढ्याने भागत नाही. त्यांच्यानंतर आणि याच्या आधी किमान तिघेजण होते. प्रत्येकाने ते काम एकेक वाक्याचा शेरा मारून फाइलीसारखं खाली सरकवलं असेल: माझा घसा बसलाय, मला आभाराचं दिलंय, तुमचं वाचन चांगलं आहे. हे तीन-चार ओळींत उरका. विनोद आपोआप येईल, त्यासाठी वेगळी खटपट नको. त्या तिघांपैकी एकाला कागद जुना आहे अशी शंका आली असेल आणि म्हणूनच त्याचा घसा बसला असेल, असं ठेवलंत तर बहार येईल. पण ते उलगडून सांगू नका.

शरीरातल्या भीतीबद्दल थोडं. "हृदय जोरात धडधडू लागलं" हे वाक्य कुठल्याही कथेतल्या कुठल्याही माणसाला चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. भीतीने तोंडाला कोरड पडते, कारण लाळ सुटणं कमी होतं. बोटं गार पडतात, कारण हातांच्या कातडीकडे जाणारं रक्त आटतं. आवाज बारीक होऊन वर चढतो. यातलं एकच घ्या आणि त्याला कथेत काम द्या. मी कोरड घेईन. कोरड्या तोंडाने शब्द नीट निघत नाहीत आणि "सहसंचालक" हा शब्द त्याला मनातल्या मनातही धड म्हणता येत नाही. बाकीची भीती त्याच्या हातांत जाऊ द्या. असा माणूस घाबरला की टेबल आवरतो. पानं टोकाला टोक लावून जुळवतो, टाचणी काढून पुन्हा लावतो, पानांना क्रमांक टाकतो. मग खोडलेल्या मजकुराची सुवाच्य प्रत काढायला बसतो, कारण खाडाखोडीचा कागद घेऊन स्टेजवर जाणं त्याच्या शिस्तीत बसत नाही. वेळ संपत चालली आहे आणि हा समास आखतो आहे. यापेक्षा जास्त घाबरलेला माणूस मला तरी दाखवता येणार नाही.

यानंतर तो काय करेल? ज्यांच्यावर खरोखर अशी वेळ येते त्यांना मी एकच गोष्ट सांगत असतो: पाहुण्यांनाच जाऊन विचारा. त्यांच्या नावाचा उच्चार आणि आज सांगायचं पद, हे दोन प्रश्न पुरतात. पाहुण्यांना याचा राग येत नाही, उलट कुणीतरी विचारलं याचं बरं वाटतं. पुढचंही सोपं आहे. हा माणूस कोण, आज याच कार्यक्रमाला का बोलावला आणि त्याच्याकडून काय ऐकायचं, एवढंच ठेवायचं. एका पानावर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि नाव अगदी शेवटी घ्यायचं, म्हणजे नावाबरोबर पाहुणे उठतात आणि तुमचं काम संपतं. कागद जाड असला तर हात थरथरले तरी तो फडफडत नाही.

तुमच्या लिपिकालाही पाहुण्यांकडेच पाठवा. फरक एवढाच की प्रत्यक्षात आपल्याला सरळ उत्तर हवं असतं, आणि कथेत ते मिळता कामा नये. मी हा प्रसंग साधारण असा लिहीन:

पाहुणे बाजूच्या खोलीत एकटेच बसले होते. त्याने कागद पुढे केला.
"सर, परिचयात आपलं पद..." एवढं बोलून तो थांबला.
पाहुण्यांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं नुसतंच उलटलं.
"हे कुणी दिलं?"
"मागच्या कार्यक्रमाचं आहे, सर."
"तुम्ही कुठल्या टेबलावर?"
"आवक-जावक."
"म्हणजे माझं पत्र तुमच्याकडूनच गेलं असणार."
"हो सर."
"तुमच्या साहेबांनी वाचलं का ते?"
त्याने क्षणभर विचार केला. "त्यावर त्यांची सही आहे, सर."
पाहुणे हसले. कागद परत देत म्हणाले, "मग तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा."

"वाचलं का" या प्रश्नाला "सही आहे" हे उत्तर कार्यालयात मुरलेला माणूसच देऊ शकतो. त्यात खोटं काही नाही आणि साहेब उघडेही पडत नाहीत. तुमच्या लिपिकाची हुशारी वाचकाला इथे पहिल्यांदा दिसेल, आणि ती धीटपणातून आलेली नसेल. बुजऱ्या माणसाला शेवटी धीट करून दाखवायचा मोह टाळा. तो बुजराच राहू द्या. बुजरी माणसंही निर्णय घेतात, फक्त घेताना आवाज करत नाहीत.

इथे एक धोका आहे. पाहुणेही पूर्वी याच टेबलावर लिपिक होते, असा योगायोग तुम्हाला सुचेल. सुचला तर सोडून द्या. मग पाहुणे भाषणात त्याचं कौतुक करतील, साहेब खाली मान घालतील आणि ज्या टाळ्या आपण दाराबाहेर काढल्या त्या खिडकीतून आत येतील.

आता माईक. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. मंजूर मजकूर जसाच्या तसा वाचणं ही पहिली. ती भित्र्या माणसाची वाट आहे आणि कथा कडू करायची असेल तर चालेलही. पण आधी पाहुण्यांशी झालेलं बोलणं मग वाया जातं. दुसरी वाट पद गाळण्याची: फक्त काम सांगायचं आणि नाव घ्यायचं. ही चलाख दिसते. पण जरा पुढे जाऊन पाहा. याने पद गाळलं तरी साहेब आपल्या भाषणात "सहसंचालकसाहेबांनी आमच्या प्रस्तावाकडे लक्ष द्यावं" असं म्हणणारच, आणि मग त्यांचं हसं होणार. हे त्याला आधीच दिसत असताना तो गप्प राहिला, तर तो अगदी वेगळा माणूस ठरतो. त्याच्या पोटात साहेबांबद्दल काहीतरी साठलेलं आहे असा त्याचा अर्थ होतो. ती कथाही चांगली होईल, पण मग ते साठलेलं आधी कुठेतरी एका ओळीत दिसायला हवं.

तुमच्या पत्रातल्या माणसाला शोभणारी वाट मला तिसरी वाटते: तो खरं सांगतो, आणि तेही नोंदवहीत नोंद करावी तसं सांगतो. परिचय इथे पूर्ण द्या, गाळू नका:

"आजचे आपले पाहुणे 32 वर्षं शासकीय सेवेत होते. दोन महिन्यांपूर्वी ते सहसंचालक या पदावरून निवृत्त झाले. आपल्या कार्यालयाचं निमंत्रण त्यांना मिळालं आणि त्यांनी चौथ्या दिवशी घरच्या पत्त्यावरून होकार कळवला. सेवेत नसताना आलेलं हे त्यांचं पहिलं निमंत्रण असेल की नाही, ते मला माहीत नाही. पण ते आले आहेत."

आणि मग नाव. बस. यात एकही विशेषण नाही. "मनापासून" हा शब्द तर नाहीच, तरी तो मनापासून बोललाय हे कळतं, कारण प्रत्येक वाक्य त्याच्या टेबलावरून आलं आहे. होकार चौथ्या दिवशी आला हे दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं.

शेवटाचं काय करायचं, हा तुमचा मूळ प्रश्न होता. मी नावाच्या उच्चारापाशी थांबेन. साहेबांचा चेहरा दाखवणार नाही, टाळ्याही ऐकवणार नाही. साहेबांना काय वाटलं हे वाचकाला तोपर्यंत कळलेलं असतं, त्यासाठी साहेबांकडे बघायची गरज नसते. दुसऱ्या दिवशीच्या कार्यालयात नेऊन, त्याला केबिनमध्ये बोलावलं गेलं असा शेवटही करता येईल. पण मग कथा साहेबांची होते. तुम्हाला तेच हवं असेल तर सुरुवातच साहेबांनी कागदावर न वाचता सही करण्यापासून करावी लागेल.

लांबीचं म्हणाल तर हे सगळं 1500 ते 1800 शब्दांत बसतं. त्यातला निम्मा भाग कागदावरच्या खाडाखोडीला द्या, पाव भाग पाहुण्यांच्या खोलीला, आणि उरलेल्यात सगळा कार्यक्रम उरका. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, हारतुरे यांना एकत्र एक वाक्य पुरे. पहिल्या वाक्यातच कागद त्याच्या हातात असू द्या. तो मिळाला कसा, हे मागाहून येईल.

तुमच्यावर गुदरलेल्या प्रसंगाचं काय, हे राहिलंच. त्या दिवशी तुमच्या हातात कोणता कागद होता, त्यात काय चुकीचं किंवा जास्तीचं होतं आणि तुम्ही काय वगळलंत, हे आठवून लिहून काढा. कथेत ते जसंच्या तसं येणार नाही, पण निवृत्त सहसंचालकापेक्षा खरी एखादी गोष्ट त्यात सापडण्याची शक्यता दाट आहे. सापडली तर माझा सहसंचालक खुशाल खोडून टाका.

नवा मसुदा त्याच चौघांना द्या, पण "कशी वाटली" असं विचारू नका. त्याचं उत्तर "छान" हेच येतं. "साहेबांनी ते पत्र वाचलं होतं का?" असं विचारा. चौघांत वाद झाला तर कथा माझ्याकडे पाठवा.